नवीन लग्न झालेल्या जोडप्याला आशीर्वादाचा मेसेज कसा लिहायचा (दोघांपैकी एकालाच आपण नीट ओळखत असू तर)

घरातलं मोठं माणूस म्हणून आशीर्वादाचे चार शब्द लिहायचे असतात तेव्हा बहुतेकांची गाडी एकाच ठिकाणी अडते. भाचीला, पुतण्याला आपण जन्मल्यापासून बघितलेलं असतं, पण ज्याच्याशी किंवा जिच्याशी लग्न झालं ती व्यक्ती आपल्याला जेमतेम दोनदा भेटलेली असते. मग मेसेज तरी एकाचाच होतो आणि दुसऱ्याचं नाव फक्त वर राहतं, नाहीतर दोघांनाही लागू पडेल असं काहीतरी गुळगुळीत लिहून आपण मोकळे होतो, जे कुणीही कुणालाही पाठवलं तरी चालेल. या लेखात तेवढ्याच अडचणीबद्दल लिहितेय, एक उदाहरण धरून, शेवटपर्यंत. उदाहरणात आत्या आपल्या भाचीला लिहितेय, भाचीचं नाव मीरा आणि नवऱ्याचं निखिल असं धरू. तुम्ही काका, मामा, मावशी, आजी कुणीही असाल तरी पद्धत हीच.

आधी ठरवा की हे कोण वाचणार

लिहायला बसायच्या आधी हे ठरवलं नाही तर नंतर अर्धा मजकूर खोडावा लागतो. मेसेज दोघांच्या फोनवर जाणार, का फॅमिली ग्रुपवर पडणार, का कार्डवर हाताने लिहून देणार? माझा सल्ला असा की दोघांना मिळून एकच मेसेज लिहा आणि तो सासू-सासरे, दीर, नणंद कुणाच्याही हातात गेला तरी कुणाला अवघडल्यासारखं होणार नाही असा लिहा, कारण तो जातोच. मीरा कौतुकाने दाखवणार, सासूबाई मोठ्याने वाचणार. भाचीला एकटीलाच काही सांगायचं असेल, जे फक्त तुमच्या दोघींमधलं आहे, तर त्यासाठी वेगळा फोन करा. दोघांच्या मेसेजमध्ये एकाशी खाजगी बोललं की दुसऱ्याला दाराबाहेर उभं केल्यासारखं वाटतं.

वर काय लिहायचं, तू का तुम्ही

जुन्या पत्रांतलं 'चि.' अजूनही छान वाटतं आणि ते दोघांच्याही नावामागे चालतं. 'चि. सौ. कां.' मात्र लग्नाआधीच्या मुलीसाठी आहे, त्यामुळे लग्न झाल्यावर पाठवायच्या मेसेजमध्ये पत्रिकेवरून बघून तेच उतरवू नका. नुसतं 'प्रिय मीरा आणि निखिल' लिहिलं तरी काही कमी पडत नाही, आणि मला तर तेच जास्त आवडतं कारण दोघं एका ओळीत, एका मापात येतात. नाहीतर एकाला पदवी आणि दुसऱ्याला नुसतं नाव असं होऊन बसतं.

खरी गंमत पुढे आहे. मीराला तुम्ही 'तू' म्हणता. निखिलला काय म्हणणार? काही घरांत जावयाला 'तुम्ही'च म्हणतात, काही घरांत पहिल्या दिवसापासून 'अरे निखिल'. तुम्ही समोरासमोर जे म्हणता तेच लिहा, लिहिताना एकदम मानाचं किंवा एकदम सलगीचं काही करू नका, लगेच कळतं. पण 'तुम्ही' म्हणत असाल तर एक घोळ होतो, की 'तुम्ही' हे दोघांनाही लागू पडतं आणि एकट्या निखिललाही. 'तुम्ही किती शांतपणे ऐकलंत' हे वाक्य नेमकं कुणासाठी? वाचणारा क्षणभर अडखळतो. उपाय साधा आहे, एकाशी बोलताना वाक्याच्या सुरुवातीला नाव घ्या आणि दोघांशी बोलताना 'तुम्ही दोघं' असं स्पष्ट लिहा. मेसेजमध्ये दोनदा-तीनदा नाव आलं म्हणून काही बिघडत नाही, उलट नवीन माणसाला आपलं नाव कुणीतरी आपलेपणाने घेतलंय हे बरंच वाटतं.

आता कागद घ्या

मेसेजच्या चौकटीत थेट टाईप करायला सुरुवात करू नका. एक साधा कागद घ्या, मधे रेघ मारा. डावीकडे 'मीराबद्दल मी स्वतः काय पाहिलंय', उजवीकडे 'निखिलबद्दल मी स्वतः काय पाहिलंय'. 'स्वतः' हा शब्द महत्त्वाचा. 'मुलगा फार हुशार आहे म्हणे' हे ऐकीव झालं, ते लिहिलंत की कुणीही लिहू शकेल असं वाक्य तयार होतं. पाहिलेलं म्हणजे एखादी कृती, जिच्यात कुणीतरी काहीतरी केलं.

डावी बाजू भराभर भरते, दहा गोष्टी आठवतात. उजवी बाजू रिकामी राहते आणि तिथेच लोक हार मानतात. थांबा जरा. दोनदाच भेटला असेल ना, मग त्या दोन भेटी डोक्यात पुन्हा चालवून बघा. आला तेव्हा आधी कुणाशी बोलला? कुणी चूक सांगितलं तेव्हा दुरुस्त केलं का गप्प बसला? लहान मुलाने त्रास दिला तेव्हा काय केलं? मीरा बोलत असताना तो कुठे बघत होता? एवढं विचारलं की काहीतरी सापडतंच. आपल्या उदाहरणातल्या आत्याला आठवलं की साखरपुड्याआधी सगळे घरी जमले होते, आजोबांनी नोकरीतली त्यांची ठरलेली गोष्ट त्याच संध्याकाळी दुसऱ्यांदा सुरू केली, घरचे सगळे हळूहळू उठायच्या बेतात, आणि निखिलने मात्र 'मग साहेब काय म्हणाले?' असं विचारलं. बास, मिळालं. आणि खरंच काहीच आठवत नसेल, किंवा प्रत्यक्ष भेटच झाली नसेल, तर मीराच्या आईला फोन करून विचारा की हा मुलगा तुमच्याकडे आला तेव्हा काय काय झालं, आणि मेसेजमध्ये 'तुझ्या आईने सांगितलं की...' असं सरळ लिहा. न पाहिलेलं पाहिलं म्हणून लिहिलं तर पहिल्याच भेटीत उघडं पडतं.

डावीकडच्या दहातली एक निवडायची. इथे चाळणी लावा. मुलीची फजिती होईल अशी गोष्ट नको, भले घरात त्यावर वीस वर्षं हसत असाल. आजारपण, नापास होणं, रंग, वजन, आधीची स्थळं, आधीचं प्रेम, काहीही नको. जी गोष्ट तिने सासूबाईंना स्वतः मोठ्याने वाचून दाखवली तर तिची मान ताठ राहील ती घ्या. आत्याने निवडलं ते असं, की लहानपणी पटाच्या खेळात हरल्यावर बाकीची पोरं पट उधळून पळायची आणि मीरा रडवेली होऊन का होईना पण सोंगट्या मोजून डब्यात भरायची.

लक्षात घ्या, यात 'समजूतदार', 'जबाबदार', 'प्रेमळ' असं काही म्हटलेलं नाही आणि म्हणायचंही नाही. गोष्ट सांगितली की गुण वाचणाऱ्याला आपोआप दिसतो. गोष्टही सांगितली आणि वर 'तू किती जबाबदार आहेस' हेही लिहिलं, तर ते शाळेच्या दाखल्यावरच्या शेऱ्यासारखं वाटतं.

आशीर्वाद त्याच गोष्टींतून काढायचा

बहुतेक मेसेज इथे तुटतात. आठवण एकीकडे राहते आणि आशीर्वाद तयार पाकिटातून काढल्यासारखा येतो, सुख समृद्धी ऐश्वर्य दीर्घायुष्य एका दमात. वाईट काही नाही त्यात, पण तुमच्या दोन गोष्टी शेजारी ठेवून बघा, त्यांच्यातूनच आशीर्वाद निघतो. एकजण जुनी गोष्ट पुन्हा ऐकतो, एकजण हरल्यावर पसारा आवरते. मग आशीर्वाद काय? तुम्हाला एकमेकांची जुनी गोष्ट पुन्हा ऐकायला वेळ मिळो. डाव कुणीही जिंको, सोंगट्या आवरायला दोघंही असा. हे दुसऱ्या कुठल्याच जोडप्याला चिकटवता येणार नाही.

आशीर्वादाची क्रियापदं मराठीत फार सुंदर आहेत, तेवढीच ती घाईत चुकतात. मिळो, लाभो, राहो, होवो ही एका गोष्टीसाठी. अनेक गोष्टी असतील तर मिळोत, लाभोत, राहोत, होवोत. 'तुमची सगळी स्वप्नं पूर्ण होवो' असं सर्रास दिसतं, ते 'होवोत' पाहिजे. आणि थेट त्यांच्याशी बोलायचं असेल तर राहा, हसा, नांदा. एकाच वाक्यात 'तुम्ही सुखी राहो' असं मिसळू नका, 'तुम्ही' असेल तर 'राहा'.

आशीर्वाद तीनच द्या. पहिला त्यांच्या गोष्टीतून आलेला, दुसरा असला तर तोही तसाच, तिसरा आरोग्याचा किंवा कामाचा साधा, नेहमीचा. नेहमीचाही हवाच, मोठ्या माणसाकडून 'निरोगी राहा' ऐकायची सवय असते आणि ते नसलं तर काहीतरी राहून गेल्यासारखं वाटतं. नकार मात्र टाळा. 'तुमच्यात कधी भांडण न होवो' असं लिहिलं की वाचणाऱ्याच्या डोळ्यासमोर भांडणच येतं. 'रुसवा आलाच तर दिवस मावळायच्या आत जावो' यात निदान थोडं हसू तरी आहे.

काय गाळायचं

आधी एक नेहमीचा नमुना बघा, असे मेसेज तुम्हीही वाचले असतील.

'तुम्हा दोघांना विवाहाच्या हार्दिक शुभेच्छा. संसार म्हणजे दोन चाकांचा गाडा. मीरा, आता सासरच्या सगळ्यांना सांभाळून घे, कुणाला बोलायला जागा देऊ नकोस. निखिल, आमची मीरा फार लाडात वाढलीय, तिला जपा. भांड्याला भांडं लागतंच, पण माघार घ्यायला शिका. लवकर गोड बातमी द्या. अनेक उत्तम आशीर्वाद.'

लिहिणाऱ्याच्या मनात माया आहे, शंकाच नाही. पण ओळीओळीने वाचा. सांभाळून घ्यायचं काम फक्त मीराला दिलंय, आणि 'कुणाला बोलायला जागा देऊ नकोस' म्हणजे तिथले लोक बोलणारेच आहेत असं ठरवून टाकलं, आणि हे सासूबाई वाचणार आहेत. 'लाडात वाढलीय' यात कौतुक आहे का आगाऊ सूचना, कळत नाही, आणि निखिलबद्दल तर एक अक्षरही नाही, त्याला नुसती ड्युटी लावलीय. भांडणाची गोष्ट लग्नाच्या चौथ्या दिवशी कशाला? गोड बातमीचं तर मी सरळ सांगते, काढून टाका. मूल कधी, हवं का, होतंय का, यातलं काहीच आपल्याला माहीत नसतं आणि चेष्टेत लिहिलेली ती एक ओळ काही घरांत फार लागते.

सल्ला द्यायचाच असेल, हात शिवशिवत असेल, तर दोनच मार्ग. एक, सल्ल्याचा आशीर्वाद करा आणि तो दोघांना द्या: 'सांभाळून घे' ऐवजी 'दोन्ही घरची माणसं तुम्हा दोघांना आपली वाटोत'. दोन, सल्ल्याऐवजी स्वतः काय कराल ते सांगा. 'काही लागलं तर आम्ही आहोतच' हे सगळेच म्हणतात आणि कुणीच फोन करत नाही. त्यापेक्षा नेमकं आणि छोटं काही सांगा, जे तुम्ही खरंच करणार आहात. आपली आत्या लिहिते की फोन केलात तर मी आधी ऐकेन आणि विचारलंत तरच सल्ला देईन. हे पाळता येत नसेल तर लिहू मात्र नका!

गेलेल्या माणसाची आठवण हा नाजूक भाग. मीराची आजी आज हयात नाही आणि तिचं नाव घेतल्याशिवाय तुम्हाला राहवत नाही, तर जरूर घ्या, पण एकच वाक्य, आणि ते मेसेजच्या मधोमध. सुरुवातीला आलं तर सगळा मेसेज त्या सावलीत वाचला जातो, शेवटी आलं तर डोळ्यात पाणी घेऊन फोन खाली ठेवला जातो. शिवाय 'आज आजी हवी होती' याच्यापेक्षा 'आजीने निखिलला पहिला प्रश्न काय विचारला असता ते आपल्या सगळ्यांना माहितीये' असं लिहिलं तर ती घरात आल्यासारखी वाटते आणि निखिललाही तिची ओळख होते.

लग्नाला जाता आलं नसेल तर कारण अर्ध्या वाक्यात. तब्येतीचा सगळा इतिहास नको, नाहीतर आशीर्वादाच्या मेसेजला उत्तर म्हणून त्यांना तुमचीच विचारपूस करत बसावं लागतं. दोघांपैकी कुणाचं दुसरं लग्न असेल तर 'नव्याने सुरुवात', 'यावेळी सगळं छान होवो' असले शब्द चाळून काढा, या लग्नाबद्दल लिहा आणि थांबा. आणि या लग्नाला तुमचाच आधी विरोध होता असं असेल, तर ते इथे काढू नका, माफीसुद्धा नको. ती समोर बसून मागायची गोष्ट आहे, मेसेजमध्ये घातलीत तर त्यांच्या आनंदाच्या दिवशी तुम्हाला समजावण्याचं काम त्यांच्यावर पडतं.

पूर्ण मेसेज

तर आत्याचा कागद असा तयार झाला:

'प्रिय मीरा आणि निखिल,

तुम्हा दोघांना माझे मनापासून आशीर्वाद.

निखिल, आपली अजून फारशी ओळख नाही, पण त्या संध्याकाळी आजोबांनी तीच गोष्ट दुसऱ्यांदा सुरू केली आणि आम्ही सगळे उठायच्या बेतात होतो, तेव्हा तुम्ही "मग साहेब काय म्हणाले?" असं विचारलंत. आजोबा अजून सांगतात हे सगळ्यांना.

मीरा, लहानपणी हरल्यावर बाकीची पोरं पट उधळून पळायची आणि तू नाक ओढत ओढत सोंगट्या मोजून डब्यात ठेवायचीस. एक कमी भरली तर पलंगाखाली शिरून काढायचीस.

तुम्हा दोघांना एकमेकांची जुनी गोष्ट पुन्हा ऐकायला रोज थोडा वेळ मिळो. डाव कुणीही जिंको, सोंगट्या आवरायला दोघंही असा. निरोगी राहा, आणि हाती घेतलेली कामं तडीला जावोत.

कधीही फोन करा. मी आधी ऐकेन, आणि विचारलंत तरच सल्ला देईन.

तुमची आत्या'

शंभर-सव्वाशे शब्द, एवढंच पुरतं. बघा, निखिल आधी आलाय. ज्याला कमी ओळखतो त्याला आधी घेतलं की तो मेसेज आपलाही आहे असं त्याला पहिल्या चार ओळींतच कळतं, आणि मीराला राग येणार नाही याची खात्री आपल्याला असतेच. 'आपली फारशी ओळख नाही' हेही लपवलेलं नाही, उगाच 'तुम्ही तर आम्हाला मुलासारखेच' असं दोन भेटींत म्हटलं की ते खरं वाटत नाही, सहा महिन्यांनी म्हणा. खाली 'तुझी' नाही, 'तुमची आत्या' आहे, म्हणजे नातं निखिललाही जोडलं. नवरा-बायको मिळून सही करणार असाल तर मजकुरात 'मी' आणि 'आम्ही'ची सरमिसळ होते, ती नीट बघा. आठवण एकाचीच असेल तर 'मला आठवतं' राहू दे आणि आशीर्वाद मात्र 'आमचे'.

पाठवायच्या आधी

एकदा मोठ्याने वाचा. जिथे श्वास पुरत नाही तिथे वाक्य तोडा, आणि जिथे आवाज भाषणासारखा चढतो ती ओळ बहुधा काढायची असते. मग अक्षरं तपासा. सगळ्यात जास्त चुकणारा शब्द नेमका 'आशीर्वाद'च आहे, लोक रफार एक अक्षर आधी देऊन 'आर्शीवाद' करतात. फोनवर टाईप करताना आधी 'शी' पूर्ण करा, मग र, मग पायमोड्याची खूण, मग वा, म्हणजे रफार बरोबर 'वा'च्या डोक्यावर बसतो. 'शुभेच्छा'चं 'शुभेच्या' होतं तेही बघा. नवीन माणसाचं नाव तो स्वतः कसं लिहितो ते पत्रिकेवरून पडताळा, कारण फोन आपल्या मनाने नाव बदलून टाकतो आणि ती चूक फक्त ज्याचं नाव आहे त्यालाच दिसते.

सजवलेल्या फुलांचं चित्र, तयार शुभेच्छापत्र वगैरे सोबत जोडू नका, तुमचं लिहिलेलंही मग फॉरवर्ड समजून कुणी उघडणार नाही. कार्डवर हाताने लिहिणार असाल तर आधी कच्चं लिहून मगच उतरवा, कार्डची जागा शेवटच्या दोन ओळींना हमखास अपुरी पडते. डोळ्यांचा त्रास असेल, टाईप होत नसेल तर हाच मजकूर रेकॉर्ड करून पाठवा, सावकाश वाचलं तरी मिनिटभरात बसतो, फक्त टीव्ही बंद करा आणि वाचताना मधे कुणाशी बोलू नका.

लग्नाच्या दिवशी सकाळी पाठवला तर तो शेकडो मेसेजच्या खाली जातो, म्हणून तीन-चार दिवसांनी संध्याकाळी पाठवा, पाहुणे गेलेले असतात आणि दोघं जरा बसलेले असतात. तोच मेसेज दोघांनाही आपापल्या फोनवर पाठवा, मीराला पाठवून 'निखिलला दाखव' म्हणू नका. उत्तर आलं नाही तर 'वाचलं का गं' असं विचारायचं नाही, आणि नुसता नमस्काराचा हात आला तरी तो वाचल्याची पावती समजून घ्यायची.